आयडिया स्क्रीनिंग ते टेस्ट मार्केटिंग: फूड बिझनेस मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये स्टेज ओळखायची कशी

फूड बिझनेस मॅनेजमेंटचा पेपर पहिल्यांदा देणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, न्यू प्रॉडक्ट डेव्हलपमेंटच्या आठ स्टेज पाठ करायच्या, बाणांची आकृती काढायची आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहून मोकळं व्हायचं. पाच मार्कांचा प्रश्न असेल तर निभावतं. पण केस आली किंवा आकडे आले की पंचाईत होते, कारण तिथे नाव कोणी विचारत नाही, "आता कंपनीने काय करावं" असं विचारतात.

क्रम आधी एकदा बघून घेऊ. आयडिया जनरेशन, आयडिया स्क्रीनिंग, कन्सेप्ट डेव्हलपमेंट आणि टेस्टिंग, मार्केटिंग स्ट्रॅटेजी, बिझनेस अ‍ॅनालिसिस, प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, टेस्ट मार्केटिंग, कमर्शियलायझेशन. काही पुस्तकांत मार्केटिंग स्ट्रॅटेजी वेगळी धरत नाहीत, मग सातच होतात, तुमच्या सिलॅबसमध्ये जे असेल ते लिहा. आपण स्क्रीनिंगपासून टेस्ट मार्केटिंगपर्यंतचा मधला पट्टा घेऊ, केसचे प्रश्न बहुतेक तिथूनच निघतात.

स्टेज ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कंपनीच्या हातात त्या क्षणी काय आहे ते बघायचं. नुसतं एक वाक्य असेल तर स्क्रीनिंग. कोणासाठी, कधी खायला, कशासाठी हे ठरवून लिहिलेलं वर्णन असेल तर कन्सेप्ट. कागदावर विक्री आणि खर्चाचे आकडे असतील तर बिझनेस अ‍ॅनालिसिस. खाता येईल असा नमुना असेल तर प्रॉडक्ट डेव्हलपमेंट. आणि लोक स्वतःच्या खिशातले पैसे देऊन दुकानातून घेत असतील तर टेस्ट मार्केटिंग. "200 ग्राहकांना उत्पादनाचं वर्णन वाचायला दिलं आणि विकत घ्याल का असं विचारलं" हे वाक्य आलं की कितीतरी जण टेस्ट मार्केटिंग लिहून येतात, ग्राहक दिसले म्हणून! अजून तर काही बनलंच नाहीये.

आता एकच काल्पनिक केस घेऊ आणि शेवटपर्यंत तीच ओढत नेऊ. एक छोटी स्नॅक कंपनी आहे, तिला कमी साखरेचा ओट्स बार आणायचाय. आकडे मी सोयीचे घेतलेत, चलन कुठलंही धरा.

पहिली चाळणी

स्क्रीनिंगमध्ये दोन चाळण्या असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. पहिली "हे नसेल तर बाद" वाली. समजा कंपनीची एकच प्रॉडक्शन लाइन आहे आणि तिच्यावरचा सगळा माल नटफ्री म्हणून विकला जातो. मग शेंगदाणा बारची आयडिया कितीही भारी वाटली तरी तिला गुण द्यायलाच बसायचं नाही, अ‍ॅलर्जेनमुळे ती तिथेच संपली. फूडच्या पेपरमध्ये ही गोष्ट मुद्दाम केसमध्ये लपवून ठेवतात, एखाद्या ओळीत सहज जाता जाता लिहिलेली असते.

दुसरी चाळणी वेटेड स्कोअरची. समजा वजनं अशी आहेत: ग्राहकाला ठळक फायदा 0.4, आहे त्या मशिनरीवर बनणं 0.3, कच्चा माल नियमित मिळणं 0.2, आहे त्या वितरकांकडून विकला जाणं 0.1. ओट्स बारला दहापैकी 8, 9, 6, 7 मिळाले. 3.2 अधिक 2.7 अधिक 1.2 अधिक 0.7, म्हणजे 7.8. फ्रोझन फ्रूट डेझर्टला 9, 3, 7, 6 मिळाले तर 3.6, 0.9, 1.4, 0.6, एकूण 6.5. कट ऑफ 7 असेल तर बार पुढे, डेझर्ट बाहेर. गणित इतकंच आहे. पण उत्तर इथे थांबवू नका, डेझर्ट कशामुळे पडलं तेही लिहा. ग्राहकाच्या फायद्यात ते बारच्या पुढे होतं, मार खाल्ला तो मशिनरीत, कारण फ्रीझिंगची सोय नाही. म्हणजे उद्या बाहेरच्या प्लांटमध्ये बनवून घेता आलं तर तोच स्कोअर बदलेल. वजनांची बेरीज 1 होते का तेही बघा, कधीकधी प्रश्नातच एक वजन गाळलेलं असतं आणि ते वजाबाकी करून काढायचं असतं.

इथे दोन प्रकारच्या चुका विचारतात. चांगली आयडिया फेकून दिली तर ड्रॉप एरर, वाईट आयडिया पुढे जाऊ दिली तर गो एरर. गो एररचे पुन्हा तीन प्रकार पडतात. विक्रीतून व्हेरिएबल कॉस्टसुद्धा निघत नाही ते अ‍ॅब्सोल्यूट फेल्युअर. व्हेरिएबल निघते, फिक्स्डपैकी थोडी निघते पण एकूण तोटाच, ते पार्शल. नफा होतो पण ठरवलेल्यापेक्षा कमी, ते रिलेटिव्ह. हे तीन लक्षात ठेवा, आपल्या बारला शेवटी यातलंच एक नाव मिळणार आहे.

आयडियाचा कन्सेप्ट करणं

"कमी साखरेचा ओट्स बार" ही झाली आयडिया. ग्राहक असं काही विकत घेत नसतो. त्याच आयडियातून निदान तीन कन्सेप्ट निघतात: शाळेतल्या मुलांना मधल्या सुट्टीत देण्यासारखा गोड पदार्थ, लांब शिफ्ट करणाऱ्यांना जेवण उशिरा झालं तर तग धरायला काहीतरी, किंवा व्यायामाच्या आधी खायचा बार. तिघांची साइज वेगळी, किंमत वेगळी, दुकानात ठेवायची जागा वेगळी आणि प्रतिस्पर्धीसुद्धा वेगळे. पहिल्याची टक्कर बिस्किटाशी, तिसऱ्याची प्रोटीन बारशी. परीक्षकाला हे वाक्य आवडतं कारण इथे कळतं की तुम्हाला कन्सेप्ट म्हणजे काय ते समजलंय.

आपल्या कंपनीने शिफ्टवाला कन्सेप्ट घेतला आणि 200 लोकांना वर्णन, पॅकचं चित्र आणि किंमत दाखवली. किंमत दाखवणं आवश्यक, किंमतीशिवाय विचारलं तर सगळेच हो म्हणतात. विचारायचं काय, तर फायदा समजला का आणि पटला का, ही गरज तुम्हाला खरंच आहे का, सध्या जे खाता त्याने ती भागते का, किंमत वाजवी वाटते का, आणि घ्याल का. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याची जोडी नीड-गॅप म्हणून विचारतात, गरज मोठी आणि सध्याचे पदार्थ अपुरे असतील तरच कन्सेप्टमध्ये दम आहे.

"घ्याल का" ला 40 जण म्हणाले नक्की, 80 म्हणाले बहुतेक. म्हणजे 60 टक्के लोक घेणार? नाही ना. बोलणं आणि घेणं यात अंतर असतं, म्हणून कंपन्या आपल्या जुन्या अनुभवावरून कात्री लावतात. प्रश्नात समजा दिलंय की नक्कीवाल्यांपैकी 75 टक्के आणि बहुतेकवाल्यांपैकी 25 टक्के धरा, तर 30 अधिक 20 म्हणजे 50 जण, 200 पैकी 25 टक्के. हे 75 आणि 25 काही निसर्गनियम नाहीत, प्रत्येक कॅटेगरीत वेगळे असतात, प्रश्नात दिलेले असतील तेच वापरायचे.

आणि हे 25 टक्केसुद्धा फक्त अशा लोकांचे ज्यांना बार माहीत आहे आणि समोर मिळतोय. खऱ्या बाजारात तसं नसतं. समजा जाहिरातीने 60 टक्के लोकांपर्यंत पोचता येईल आणि त्यांच्या भागातल्या निम्म्याच दुकानांत बार असेल, तर ट्रायल 0.25 गुणिले 0.6 गुणिले 0.5, म्हणजे 7.5 टक्के. 60 वरून साडेसातवर आलो. हा घसरगुंडीचा हिशोब ज्याला कळला त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

बिझनेस अ‍ॅनालिसिस, इथे जरा थांबा

बरेच जण इथे ब्रेक-इव्हनचा फॉर्म्युला लिहून पुढे पळतात. फॉर्म्युला बरोबर आहे, पण फूडमध्ये विक्री दोन तुकड्यांत मोजावी लागते: पहिल्यांदा घेणारे आणि पुन्हा घेणारे. फ्रीज किंवा ओव्हनसारख्या वस्तूत पुढची विक्री जुनं खराब झाल्यावर येते, खाण्याच्या वस्तूत मात्र धंदा रिपीटवरच उभा असतो.

टार्गेट गट 2,00,000 लोकांचा धरू. 7.5 टक्के म्हणजे 15,000 लोक एकदा घेणार. त्यातले 40 टक्के, म्हणजे 6,000, पुन्हा घेतील आणि वर्षभरात प्रत्येकी आणखी 10 पॅक घेतील असं धरलं तर 60,000. एकूण 75,000 पॅक.

आता खर्च. वितरकाला पॅक 20 ला जातो, व्हेरिएबल कॉस्ट 12, म्हणजे पॅकमागे कॉन्ट्रिब्युशन 8. फिक्स्ड कॉस्ट वर्षाला 6,50,000. ब्रेक-इव्हन 6,50,000 भागिले 8, म्हणजे 81,250 पॅक. आपण 75,000 वर, जवळ आलोय असं वाटतं.

पण केसमध्ये एक ओळ असते, "कंपनीचा साधा ओट्स बार आधीच बाजारात आहे आणि नव्या बारच्या विक्रीपैकी 25 टक्के त्याच्याच ग्राहकांकडून येईल." ही कॅनिबलायझेशनची ओळ. जुन्या बारवर पॅकमागे 6 सुटत असतील तर नव्याच्या प्रत्येक पॅकमागे 0.25 गुणिले 6, म्हणजे 1.50 हातचे जातात. खरं कॉन्ट्रिब्युशन 6.50. ब्रेक-इव्हन 6,50,000 भागिले 6.50, बरोबर 1,00,000 पॅक. आता 75,000 जवळ वाटत नाहीत.

मग आयडिया फेकायची का? लगेच नाही. बिझनेस अ‍ॅनालिसिसमध्ये कोणता आकडा हलवला तर गाडी रुळावर येते ते शोधायचं असतं. दुकानं 50 ऐवजी 70 टक्के केली तर ट्रायल 10.5 टक्के, 21,000 लोक. त्यांचे 40 टक्के 8,400, गुणिले 10 म्हणजे 84,000. एकूण 1,05,000 पॅक, ब्रेक-इव्हनच्या 5,000 वर. गुणिले 6.50 केलं की 32,500 नफा. जास्तीची दुकानं धरायचा खर्च मात्र यात घेतलेला नाही, तो 32,500 च्या वर गेला की परत तोटा. ही शेवटची ओळ उत्तरात लिहिणारे फार थोडे असतात. आपण धरू की कंपनीच्या जुन्या वितरकांनीच ती दुकानं जास्तीच्या खर्चाशिवाय दिली आणि गाडी पुढे गेली. डोक्यात एक ठेवा, हा सगळा डोलारा रिपीट 40 टक्के या अंदाजावर उभा आहे आणि तो अंदाज अजून कोणी तपासलेला नाही.

नमुना बनवणं

फूडवाल्यांची खरी स्टेज ही. मॅनेजमेंटच्या जनरल पुस्तकात इथे "प्रोटोटाइप बनवा आणि तपासा" एवढंच असतं, तुम्ही तेवढंच लिहिलंत तर फूडचा पेपर आणि साबणाचा पेपर यात फरक काय राहिला.

आधी लॅबमध्ये छोट्या बॅच, मग पायलट प्लांट, मग मोठी लाइन. प्रत्येक उडीत काहीतरी बदलतं. बारमध्ये ओट्सना धरून ठेवतं ते सिरप, आणि साखर कमी केली की त्याची पकड आणि ओलावा दोन्ही बदलतात. लॅबमध्ये दोन किलोला सिरप गरम असतानाच मिसळून दाबून होतं. दोनशे किलोच्या बॅचला दाबेपर्यंत ते गार व्हायला लागतं आणि बार कापताना भुगा पडतो. म्हणून चवीची टेस्ट लॅबच्या नमुन्यावर झाली असली तरी पायलटच्या मालावर पुन्हा घ्यावी लागते, लोकांच्या तोंडात जाणार तो हाच माल.

सेन्सरी टेस्टमध्ये दोन प्रश्न वेगळे ठेवा. फरक कळतो का हा एक, आवडतं का हा दुसरा. फरकासाठी ट्रायअँगल टेस्ट, तीन नमुने, दोन सारखे एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश, म्हणून 30 जणांत 10 बरोबर आले तर त्याला काही अर्थ नाही, 5 टक्के लेव्हलला निदान 15 बरोबर लागतात. आवडीसाठी 9 पॉइंट हेडॉनिक स्केल, 9 म्हणजे प्रचंड आवडलं, 5 म्हणजे ना आवडलं ना नावडलं, 1 म्हणजे प्रचंड नावडलं. आवड विचारायची ती साध्या ग्राहकांना, ट्रेन्ड पॅनेलला नाही. पॅनेलवाल्यांची जीभ ट्रेनिंगने बदललेली असते, त्यांना "आवडलं का" विचारणं ही पेपरमधली आवडती खोच आहे.

चवीत पास झालं म्हणजे बाजारात पास, असंही नाही. 1985 मध्ये कोका-कोलाने नवा फॉर्म्युला आणला त्याआधी जवळजवळ 2 लाख लोकांना चाखवला होता आणि चाचण्यांत तो जुन्याहून पसंत पडला होता. तरी 79 दिवसांत जुना फॉर्म्युला परत आणायची घोषणा करावी लागली. चाखणाऱ्यांना दोन पेल्यांतला कोणता बरा एवढंच कळत होतं, जुना कायमचा जाणार याचं त्यांना काय वाटेल हे त्या पेल्यातून कसं कळणार.

मग शेल्फ लाइफ. सहा महिने टिकतं का हे बघायला सहा महिने थांबायला नको म्हणून जास्त तापमानाला ठेवून अ‍ॅक्सिलरेटेड टेस्ट करतात. Q10 म्हणजे तापमान 10 अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग किती पट होतो. Q10 जर 2 असेल आणि 40 अंशांना बार 45 दिवसांत खवट व्हायला लागला, तर 30 अंशांना 90 दिवस आणि 20 अंशांना 180 दिवस. आपल्या कंपनीने हेच केलं आणि पॅकवर सहा महिने छापले. वरवर बघता चूक काहीच नाही. पण Q10 लावला तो खवटपणाला. बार खराब व्हायचे रस्ते अनेक असतात आणि ग्राहक नाकारतो तो जो आधी येईल त्यामुळे. ओलावा सिरपमधून ओट्समध्ये सरकत गेला किंवा रॅपरमधून बाहेर गेला तर बार खवट व्हायच्या कितीतरी आधी दगड होतो, आणि त्याचा वेग खवटपणाच्या Q10 ने चालत नाही. शिवाय सेन्सरी झाली ती ताज्या मालावर.

टेस्ट मार्केट

चार प्रकार विचारतात, झटपट सांगतो. सेल्स वेव्हमध्ये आधी फुकट देतात आणि मग पुन्हा पुन्हा सवलतीत घ्यायची संधी देऊन बघतात किती जण परत घेतात. सिम्युलेटेडमध्ये खोट्या दुकानात थोडे पैसे देऊन खरेदी करायला सांगतात. कंट्रोल्डमध्ये ठरावीक दुकानांचं पॅनेल असतं, शेल्फवरची जागा आणि किंमत तुमच्या ताब्यात. आणि पूर्ण टेस्ट मार्केटमध्ये एकदोन शहरांत खरंखुरं लाँच. महाग आणि सावकाश तेच, शिवाय प्रतिस्पर्ध्याला सगळं दिसतं, तो मुद्दाम डिस्काउंट लावून तुमचे आकडे बिघडवू शकतो. गुंतवणूक कमी आणि बदल किरकोळ असेल, समजा फक्त नवा फ्लेवर, तर टेस्ट मार्केट गाळलं तरी चालतं, हेही लिहा.

आपल्या कंपनीने दोन शहरं घेतली. पहिल्या महिन्यात फॅक्टरीतून माल धडाधड गेला, सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात निम्मा. कारण सोपं आहे, पहिल्या महिन्यात दुकानदारांनी शेल्फ भरले, ती काही ग्राहकांची खरेदी नव्हती. म्हणून मोजायचं ते दुकानातून ग्राहकाच्या हातात किती गेलं, आणि त्यात ट्रायल वेगळी, रिपीट वेगळी. कालावधीचंही तसंच आहे, लोक हा बार साधारण दोन आठवड्यांनी घेत असतील तर चार आठवड्यांच्या टेस्टमध्ये रिपीट धड दिसतच नाही, तीन-चार खरेद्या व्हायला हव्यात.

वाट बघितल्यावर आकडे आले: ट्रायल 10.5 टक्के, अंदाजासारखीच. रिपीट 28 टक्के, 40 ऐवजी. पूर्ण टार्गेट गटावर लावून बघा. 21,000 अधिक 5,880 गुणिले 10, म्हणजे 79,800 पॅक. गुणिले 6.50 म्हणजे 5,18,700, आणि फिक्स्ड 6,50,000. तोटा 1,31,300. व्हेरिएबल निघाली, फिक्स्डपैकी बरीच निघाली, सगळी नाही. असंच लाँच केलं तर वर्गीकरण पार्शल फेल्युअर.

आता प्रश्न येतो, "कंपनीने काय करावं?" जाहिरात वाढवा असं लिहू नका. ट्रायल कमी आणि रिपीट चांगला असता तर जाहिरात आणि सॅम्पलिंग हे बरोबर उत्तर होतं. इथे उलटं आहे, लोक घेतायत, खातायत आणि परत येत नाहीयेत. म्हणजे दोष मालात, किंमतीत किंवा कन्सेप्टने दिलेल्या वचनात. जाहिरात वाढवली तर नाराज लोकांची संख्या तेवढी लवकर वाढेल.

कुठे बघायचं, तर दुकानातले बार उचलून आणायचे, पॅकवरच्या तारखेप्रमाणे वेगवेगळ्या वयाचे, आणि हेडॉनिक स्कोअर पुन्हा घ्यायचा. ताज्या बारला 7.4 आणि सहा आठवड्यांच्या बारला 5.2 आला तर उत्तर सापडलं, दगड होणाऱ्या बारचंच ते. मग कंपनी टेस्ट मार्केटमधून सरळ प्रॉडक्ट डेव्हलपमेंटला मागे जाते, ओलावा धरून ठेवणारा घटक किंवा रॅपर बदलते, आणि नव्या मालावर पुन्हा दोन शहरं घ्यायच्या आधी स्वस्तातला सेल्स वेव्ह लावून रिपीट तपासते. तसंच ताज्या आणि जुन्या बारचे स्कोअर सारखेच आले असते तर माल बदलायचा नव्हता, किंमत आणि कन्सेप्ट पुन्हा तपासायला घ्यायचे होते.